दोषी आवृत्ती की दोषी शाखा: बायसेक्टच्या पद्धतीची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअरची एखादी आवृत्ती नीट चालत होती आणि नंतरच्या एका आवृत्तीत तेच काम बिघडले, तर दोन्हींच्या मधली आवृत्ती तपासायची, ती चांगली निघाली तर पुढचा अर्धा भाग आणि वाईट निघाली तर मागचा अर्धा भाग घ्यायचा, आणि अशा रीतीने बिघाड कोठे शिरला ते गाठायचे, ही बायसेक्टची पद्धत वाचकांना ठाऊक असेल असे गृहीत धरतो. या टिपणाचा विषय त्या पद्धतीच्या अलीकडच्या इतिहासातील एक गुंता आहे. आवृत्त्यांचे क्रमांक एका ओळीत लागत असले, तरी त्यांमागचा कोड एका ओळीत वाढलेला नसतो. डिसेंबर २०२३ मधील लिनक्स कर्नलच्या एका प्रकरणात हा गुंता अगदी स्पष्ट दिसला.

जुना भाग थोडक्यात सांगता येतो. लिनक्स कर्नलसोबतच्या दस्तऐवजांत १९९६ मधील एक टिपण होते. कर्नलच्या आतले काहीही ठाऊक नसलेल्या माणसाने दोष कसा शोधावा, हे त्यात सांगितले होते. त्यातले उदाहरण असे होते की १.३.२८ मध्ये दोष नव्हता आणि १.३.६९ मध्ये तो आहे, म्हणून मधली १.३.५० बांधून पाहावी. संशयित आवृत्त्या एकेचाळीस होतात, म्हणून जास्तीत जास्त सहा चाचण्यांत उत्तर मिळते. त्यासाठी दोनच गोष्टींची अट होती: हमखास पुन्हा घडवता येणारा दोष, आणि मधल्या सर्व आवृत्त्यांच्या टार फाइली. उत्तर मात्र आवृत्तीपाशीच थांबत असे. त्या आवृत्तीतील नेमका कोणता बदल दोषी, हे पुढे डिरेक्टरी आणि फाइली अदलाबदल करून हाताने शोधावे लागे. २००५ मध्ये गिट आले आणि त्याच वर्षी त्यात `git bisect` ही आज्ञाही आली. त्यामुळे शोधाचे एकक आवृत्तीऐवजी एक कमिट झाले. चाचणी स्क्रिप्टवर सोपवून शोध आपोआप चालवण्याची सोय २००७ मध्ये मिळाली.

गुंता निर्माण झाला तो स्थिर शाखांमुळे. कर्नलची ६.१ ही आवृत्ती निघाल्यावर मुख्य शाखा ६.२, ६.३ अशी पुढे जाते, आणि ६.१ पासून वेगळी निघालेली स्थिर शाखा ६.१.१, ६.१.२ अशी वाढत राहते. मुख्य शाखेतील निवडक दुरुस्त्या या स्थिर शाखेत बॅकपोर्ट केल्या जातात. त्यामुळे ६.१.६४ ही आवृत्ती ६.७ च्या इतिहासात कोठेही नसते. दोघींचा अखेरचा समान पूर्वज ६.१ हाच असतो. क्रमांकांकडे पाहून ६.१.६४ ही ६.५ च्या आधीची आहे असे कोणी समजला, तर ती ६.५ च्या काही महिन्यांनंतर निघाली हे त्याच्या ध्यानात येत नाही, आणि शोध पहिल्या पावलालाच चुकतो.

आता प्रकरण पाहू. एका मोठ्या लिनक्स वितरणाच्या १२.२ या आवृत्तीत कर्नल ६.१.५५ होता आणि ९ डिसेंबर २०२३ रोजी यावयाच्या १२.३ साठी ६.१.६४ तयार ठेवलेला होता. या कर्नलवर `ext4` फाइल-प्रणालीतील माहिती बिघडू शकते असे ऐन वेळी उघड झाले. म्हणून १२.३ चे वाटप थांबवण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ देण्यात आली. वापरकर्त्याच्या हाती होते ते दोनच टोकांचे क्रमांक, कारण मधल्या आवृत्त्या वितरणाच्या स्थिर आवृत्तीतून त्याच्यापर्यंत आल्याच नव्हत्या.

ही दोन टोके घेऊन शोध करायचा तर संशयित आवृत्त्या ६.१.५६ ते ६.१.६४ अशा नऊ उरतात. ६.१.६० चांगली निघते, मग ६.१.६२ चांगली, मग ६.१.६३ चांगली, आणि तीन चाचण्यांत ६.१.६४ वर बोट पडते. येथपर्यंत १९९६ च्या टिपणातील रीतच पुरते. ६.१.६३ आणि ६.१.६४ यांच्या मधले काहीशे पॅच मात्र गिटवर सोपवावे लागतात, आणि पाचशेपर्यंत पॅच असले तरी नऊ चाचण्या पुरतात.

```
git bisect start
git bisect bad v6.1.64
git bisect good v6.1.63
```

या टप्प्यावर एक बाब हमखास गोंधळात टाकते. स्थिर शाखेत आवृत्तीचा क्रमांक बदलणारे कमिट सर्वांत शेवटी येते, त्यामुळे मधल्या कोणत्याही कमिटवर बांधलेला कर्नल `uname -r` ला ६.१.६३ हाच क्रमांक सांगतो, फार तर त्यापुढे अधिकचे चिन्ह लागते. आपण नवा कर्नल सुरू केला की जुनाच चालू राहिला, हे त्यावरून कळत नाही. `CONFIG_LOCALVERSION_AUTO` चालू ठेवले तर क्रमांकापुढे कमिटची ओळख जोडली जाते आणि ही शंका मिटते. जुनाच कर्नल तपासून त्याला चांगला म्हटले, तर तेथून पुढचा सगळा शोध भलत्याच अर्ध्या भागात जातो, आणि शेवटी दोषाशी सुतराम संबंध नसलेले एखादे कमिट हाती येते.

चाचणी कशाची करायची, हेही येथे ठरवून घ्यावे लागते. माहिती बिघडते एवढेच लक्षण पुरेसे नाही, कारण ती कधी बिघडते आणि कधी बिघडलेली लगेच दिसत नाही. या दोषाचे स्वरूप असे होते की पेज-कॅश टाळून थेट डिस्कवर लिहिल्यानंतर फाइलमधील लेखनस्थान पुढे सरकत नसे, आणि पुढचे लेखन आधीच्याच जागी होत असे. म्हणून दोन ठोकळे सलग लिहून फाइलचा आकार पाहणे ही नेमकी चाचणी ठरते.

```
dd if=/dev/urandom of=/mnt/t bs=4096 count=2 oflag=direct
test "$(stat -c %s /mnt/t)" -eq 8192
```

दुसरा ठोकळा पहिल्याच्या जागी लिहिला गेला तर आकार ८१९२ ऐवजी ४०९६ बाइट राहतो. ही चाचणी आभासी यंत्रात आणि टाकाऊ डिस्क-प्रतिमेवर करावी, कारण दोष डिस्कवरील मजकुराचाच आहे. स्क्रिप्टने शून्य परत केले तर `git bisect run` त्या कमिटला चांगले मानते आणि एक परत केला तर वाईट. कर्नल बांधलाच गेला नाही तर १२५ परत करावा, म्हणजे ते कमिट वगळले जाते. बांधणी फसली म्हणून एक परत करणारी स्क्रिप्ट शोधाला हमखास भलतीकडे नेते.

हा शोध ज्या कमिटपाशी थांबतो ते `91562895f803`. थेट लेखनानंतर फाइलचा आकार डिस्कवर नीट नोंदवला जावा, यासाठी केलेली ती `ext4` मधील दुरुस्ती होती. खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो, कारण हेच कमिट मुख्य शाखेत ६.७-आरसी१ मध्ये होते आणि तेथे काहीही बिघडत नव्हते. या दुरुस्तीनंतर `ext4` चे समाप्ती-फंक्शन यशाच्या वेळी शून्याऐवजी लिहिलेल्या बाइटांची संख्या परत करू लागले. ६.१ मधील सामाईक `iomap` कोड मात्र फक्त शून्यालाच यश मानून लेखनस्थान पुढे सरकवत असे, त्यामुळे बाइटांची संख्या मिळाली की ते सरकवणे राहून जाई. मुख्य शाखेत ६.५ च्या वेळीच `936e114a245b` या कमिटने ही व्यवस्था बदललेली होती. स्थिर शाखेत पहिला बदल आला आणि त्याला आवश्यक असलेला दुसरा आला नाही.

म्हणजे बायसेक्टने दिलेले उत्तर बरोबर होते, पण ते ६.१ च्या शाखेपुरते बरोबर होते. दोष ज्या कमिटवर प्रथम दिसला, ते स्वतः सदोष नव्हते. येथे दोन मार्ग उरतात: आलेली दुरुस्ती मागे घेणे, किंवा राहिलेले कमिट आणून बसवणे. मागे घेण्याच्या बाजूचा युक्तिवाद वजनदार आहे. स्थिर शाखेचे पहिले कर्तव्य चालते ते चालू ठेवणे आहे, आणि मागे घेतलेला एक पॅच काय करील हे निश्चित ठाऊक असते, तर नव्याने आणलेला पॅच आणखी कशावर अवलंबून आहे ते पुन्हा तपासावे लागते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की मागे घेतले तर मूळची चूक, म्हणजे आकार नीट न नोंदवला जाण्याची, पुन्हा जिवंत होते. ६.१.६६ मध्ये दुसरा मार्ग घेण्यात आला आणि राहिलेले `iomap` कमिट बसवण्यात आले. माहितीच्या सुरक्षिततेचा विचार करता माझ्या मते हा निर्णय योग्य होता, कारण दोन्ही चुका डिस्कवरील मजकुराच्याच होत्या आणि एक मिटवण्यासाठी दुसरी परत आणणे वापरकर्त्याच्या पदरी काहीच टाकत नव्हते. तरीही आधी मागे घ्या आणि मग विचार करा, असे म्हणणाऱ्यांचा आग्रह निराधार ठरत नाही.

अशा प्रकरणात मुख्य शाखा चांगली आणि स्थिर शाखा वाईट, अशी दोन टोके एकाच शोधात दिली तर काय व्हावे, हा निर्णय गिटमध्ये २००८ मध्ये झाला. चांगली म्हणून दिलेली आवृत्ती वाईट आवृत्तीची पूर्वज नसेल, तर गिट आता आधी दोघींचा समान पूर्वज तपासायला लावते. येथे तो ६.१ असेल. ६.१ चांगली निघाली तर दोष स्थिर शाखेतच शिरला, आणि शोध ६.१ ते ६.१.६४ एवढ्यातच चालतो. ६.१ वाईट निघाली तर दोष पूर्वीपासूनचा आहे आणि मुख्य शाखेत मध्ये कधीतरी दुरुस्त झाला, असे सांगून गिट थांबते. त्या स्थितीत शोधायचे असते ते दुरुस्ती करणारे कमिट, आणि त्यासाठी चांगले-वाईट यांऐवजी जुने-नवे असे शब्द वापरण्याची मुभा २०१६ च्या आरंभी आलेल्या २.७ आवृत्तीत मिळाली.

कर्नलच्या आजच्या दस्तऐवजांत वापरकर्त्याने मुख्य शाखाही तपासून पाहावी असे सांगितले जाते, ते यासाठीच. २०२४ मध्ये ६.९ सोबत आलेल्या सविस्तर मार्गदर्शकात हा क्रम पायरी पायरीने दिला आहे. दोष फक्त स्थिर शाखेत असेल तर तो तिची देखभाल करणाऱ्यांकडे न्यायचा असतो, आणि `ext4` च्या मूळ लेखकाला त्याच्या स्वतःच्या शाखेत तो दोष दिसणारही नसतो.

याच प्रकरणाचा एक उपभाग नोंदवण्याजोगा आहे. ६.१.६६ ने `ext4` चा दोष मिटवला, पण त्याच आवृत्तीत वाय-फायच्या `cfg80211` भागातील एका बदलाने काही यंत्रांवर नेटवर्क अडकू लागले, आणि तो बदल मागे घेण्यासाठी लगेच ६.१.६७ काढावी लागली. यंत्र नीट चालत नाही, एवढेच लक्षण धरून ६.१.५५ ते ६.१.६६ असा शोध करणाऱ्याला ६.१.६४ आणि ६.१.६५ एका कारणाने वाईट दिसल्या असत्या आणि ६.१.६६ दुसऱ्याच कारणाने. त्याचा शोध ६.१.६४ पाशी थांबला असता, आणि वाय-फायची तक्रार `ext4` च्या नावावर नोंदली गेली असती.