गोदावरीचं पाणी कोणत्या समुद्राचं?

पालकहो, सप्रेम नमस्कार.

या आठवड्यात मुलांना जलचक्राची आकृती घरी पूर्ण करायला दिली आहे. रंगकाम साधं असलं तरी चालेल, पण बाण नीट पाहून काढायला सांगा. प्रत्येक बाण म्हणजे पाण्याचा प्रवास किंवा त्याचं बदललेलं रूप.

समुद्रातून वर जाणाऱ्या बाणापाशी बरीच मुलं धुरासारखे पांढरे पट्टे काढतात. बाष्प मात्र डोळ्यांना दिसत नाही. किटलीत पाणी उकळत असताना मुलांना जरा लांबून तोटी दाखवा. तोटीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा मोकळी दिसते आणि पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. मोकळ्या जागेत बाष्प असतं. पांढरे दिसतात ते बाष्प गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. ढगही अशाच थेंबांचा असतो.

मग वर गेलेली हवा गार का होते? वर तर सूर्य जवळ, असं मुलं हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे वर चढणारी हवा फुगते आणि फुगताना गार होते. ढग बनण्याआधी हे गार होणं दर किलोमीटरला साधारण १० अंश सेल्सिअस इतकं असतं.

म्हणून आकृतीत डोंगर हवाच. पावसाळ्यात अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, नाशिक शहरात ७०० च्या आसपास. घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा पुन्हा तापते, ढग विरतात. सिन्नरकडचा दुष्काळी पट्टा त्यामुळेच. मुलाने पाऊस डोंगराच्या कोणत्या बाजूला जास्त दाखवलाय, तेवढं बघा.

छापील आकृतीत समुद्र एकच असतो. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे, पण तिथे उगम पावणारी गोदावरी पूर्वेला वळते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकच्याच डोंगररांगेतली वैतरणा मात्र पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब दोन समुद्रांत पोहोचू शकतात! मुलांनी नकाशा समोर ठेवून दोन्ही नद्यांचे बाण काढावेत, ही माझी खास विनंती.

सगळं पाणी समुद्रापर्यंत जातही नाही. गंगापूर धरणाच्या पृष्ठभागावरून, द्राक्षाच्या पानांतून बरंचसं वाटेतच हवेत परततं. हे वर जाणारे बाण छापील चित्रात नाहीत, ते मुलांनी स्वतः शोधून काढायचे आहेत. कृपया उत्तर आधी सांगू नका. वही सोमवारी पाठवावी.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता सहावी, नाशिक