रात्री एक वाजता आठवलेली गोळी

सकाळी आठला एक, रात्री आठला एक. लेव्हेटिरासेटाम ही फिटवरची गोळी बहुतेकांना अशीच दिवसातून दोनदा दिलेली असते. समजा, एका बाईंची रात्रीची गोळी राहून गेली. घरात पाहुणे होते, जेवण लांबलं, आणि रात्री एक वाजता कूस बदलताना त्यांना एकदम आठवलं. आता काय करायचं? एक मन म्हणतं, राहू दे, सकाळी घेऊ. दुसरं म्हणतं, सकाळी दोन घेऊन हिशेब पुरा करू. दोन्ही विचार चुकीचे का, ते या गोळीच्या गणितातच दिसतं.

अपस्माराच्या गोळ्या आजार मुळापासून काढत नाहीत. मेंदूतल्या पेशी एकाच वेळी बेभान होऊन विद्युतसंदेश सोडू लागल्या की फिट येते. औषध रक्तातून मेंदूत पोचतं आणि तिथे असेपर्यंत या पेशींना आवरून धरतं. म्हणून खरा प्रश्न 'गोळी घेतली का' असा नसून 'रक्तात या घडीला औषध किती आहे' असा आहे. ते किती वेगाने उतरतं हे अर्धायुष्यावरून कळतं. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला जितका वेळ लागतो, ते त्याचं अर्धायुष्य. मूत्रपिंडं नीट काम करणाऱ्या प्रौढांत लेव्हेटिरासेटामचं अर्धायुष्य साधारण 6 ते 8 तास असतं. आपण 7 धरू.

नियमित गोळी घेणाऱ्या माणसात पुढच्या गोळीच्या ऐन आधी औषधाची पातळी सर्वांत खाली असते. या रोजच्या तळाला 100 म्हणू. बाईंच्या रक्तात रात्री आठला 100 होते. एक वाजेपर्यंत ते 60 च्या आसपास आले. सकाळपर्यंत तसंच राहू दिलं तर आठला उरतील जेमतेम 30. म्हणजे पहाटेचे काही तास मेंदू रोजच्या आधाराच्या निम्म्याहून कमी आधारावर राहणार, तोही झोपेत आणि जाग येण्याच्या वेळी. अनेकांना फिट नेमकी याच वेळांना येते.

त्यांनी एक वाजता उठून राहिलेली गोळी घेतली आणि सकाळची नेहमीप्रमाणे आठला घेतली, तर पातळी रोजच्या शिखरापेक्षा फार तर 13 ते 14 टक्के वर जाईल. तेवढं शरीर सहज पचवतं. पण काहीच न करता सकाळी दोन गोळ्या एकदम घेतल्या तर रात्रभर आधार नाही तो नाहीच, आणि वर शिखर जवळपास दीडपट. लेव्हेटिरासेटामच्या बाबतीत याचा अर्थ गुंगी, चक्कर, चिडचिड. कार्बामाझेपिनसारख्या औषधाने एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, चालताना तोल जातो.

यावरून डॉक्टर साधारणपणे असं सांगतात: दिवसातून दोनदा घ्यायची गोळी चुकली आणि सहा तासांच्या आत आठवली, तर लगेच घ्या आणि पुढची तिच्या वेळेवर घ्या. दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर ही मुदत साधारण बारा तासांची. त्यानंतर आठवलं तर सोडलेली सोडा, पुढची वेळेवर घ्या, भरपाई म्हणून दुप्पट नको. हा ढोबळ नियम आहे. ज्यांना फिट लवकर उसळतात अशांना डॉक्टर कधी वेगळं सांगतात, आणि तेव्हा त्यांचंच ऐकायचं. म्हणून 'माझी गोळी चुकली तर नेमकं काय करू' हे पुढच्या भेटीत विचारून, कागदावर लिहून घ्यावं. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली, तर पुन्हा घ्यायची का हेही फोन करून विचारावं. लागोपाठ दोन किंवा जास्त गोळ्या चुकल्या तर घरचं गणित पुरे, सरळ डॉक्टरांना फोन करावा. पुढचा दिवसभर गाडी चालवू नये, उंचावर चढू नये, एकट्याने पोहू नये, आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवावं. फिट आलीच तर त्या वेळी तोंडात गोळी किंवा पाणी घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर रुग्णवाहिका बोलवायची. फिट थांबतच नाही अशी ही अवस्था जिवावर बेतू शकते, आणि आधीपासून अपस्मार असलेल्यांत तिचं एक नेहमीचं कारण गोळ्या बंद केल्याचंच असतं.

आता दुसऱ्या टोकाचं औषध घेऊ. फेनोबार्बिटोन जुनं आहे, स्वस्त आहे, आणि त्याचं अर्धायुष्य साधारण चार दिवसांचं. एक दिवसाची गोळी चुकली तर पातळी सोळा टक्क्यांनी घसरते, जाणवतही नाही. वरकरणी हा गुणच. पण याच संथपणात एक फसगत दडलेली आहे. माणूस कंटाळून गोळी सोडतो. दोन दिवस जातात, चार जातात, काही होत नाही. उलट सुस्ती कमी होते, डोकं हलकं वाटतं. 'बघा, गोळीची गरजच नव्हती' अशी त्याची खात्री पटते. प्रत्यक्षात औषध अजून उतरतच असतं. लेव्हेटिरासेटामची एक गोळी चुकल्यावर सकाळी जी 30 ची पातळी येते, तिथे फेनोबार्बिटोन आठवड्याभराने पोचतं. मग फिट येते तेव्हा सोडलेली गोळी कुणाला आठवत नाही. जागरण, उपास, ऊन यांच्यावर खापर फुटतं.

शिवाय फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम, क्लोनाझेपाम या औषधांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन पेशींना शांत करतं, आणि ही औषधं त्याचा जोर वाढवतात. महिनोन्महिने असा बाहेरचा जोर मिळाला की मेंदू त्याची सवय करून घेतो आणि स्वतःचे ब्रेक थोडे सैल सोडतो. औषध एकदम काढलं तर बाहेरचा ब्रेक गेलेला आणि घरचा अजून सैलच. म्हणूनच ही औषधं भरपूर काळ घेऊन अचानक सोडल्यावर, ज्यांना अपस्मार कधीच नव्हता अशांनाही फिट येऊ शकते. बाकीची औषधं कमी करायला निदान दोन-तीन महिने घेतात, तर या गटाला सहा महिने किंवा त्याहूनही जास्त. दोन औषधं चालू असतील तर एका वेळी एकच.

सावकाश बंद करूनही धोका शून्यावर येत नाही. ब्रिटनमध्ये निदान दोन वर्षं फिट न आलेल्या 1013 जणांवर केलेला अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांची औषधं हळूहळू बंद केली, निम्म्यांची चालू ठेवली. पुढच्या दोन वर्षांत औषध चालू असलेल्यांपैकी 78 टक्के फिटविना राहिले, बंद केलेल्यांपैकी 59 टक्के. मला या आकड्यांत दोन्ही बाजू दिसतात: पुष्कळांची गोळी खरोखर सुटू शकते, पण कुणाची सुटेल हे घरी बसून ठरवता येत नाही. गरोदरपण कळताच घाबरून गोळी सोडणाऱ्या बायकांचंही असंच. व्हॅल्प्रोएटचा बाळाला धोका असतो हे खरं, पण मोठी फिट आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याची. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, तोवर गोळी चालू ठेवायची.

सोडलेली गोळी पुन्हा सुरू करतानाही घोटाळा होतो, विशेषतः लॅमोट्रिजिनची. ही गोळी सुरुवातीला अगदी थोड्या मात्रेने, आठवड्यांच्या पायऱ्यांनी वाढवतात, कारण एकदम पूर्ण मात्रा दिली तर त्वचा सोलवटून निघणाऱ्या गंभीर पुरळाचा धोका वाढतो. पाच अर्धायुष्यांहून जास्त खंड पडला, म्हणजे बहुतेकांत पाचेक दिवस, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. सोबत कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉईन चालू असेल तर लॅमोट्रिजिन झपाट्याने उतरतं आणि ही मुदत आणखी कमी होते. आणि पुरळ उठलंच तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. अशा वेळी ते औषध एकदम थांबवूही शकतात, पण तो निर्णय त्यांचा.

राहिला ब्रँड. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात फेनिटॉईन घेणाऱ्या रुग्णांना अचानक भोवळ येऊ लागली, पाय लटपटू लागले, बोलणं जड झालं. मात्रा कुणीच बदललेली नव्हती. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूलमधली भर बदलली होती. आधी औषधाबरोबर कॅल्शियम सल्फेट असायचं, उत्पादकाने त्याच्या जागी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर घातली. कॅल्शियम सल्फेटमुळे औषधाचा काही भाग शोषलाच जात नव्हता. तो अडथळा गेला आणि त्याच कॅप्सूलमधून जास्त औषध रक्तात उतरू लागलं.

इतक्याशा फरकाने एवढं का व्हावं? फेनिटॉईन यकृतात मोडलं जातं, आणि ते मोडण्याची यकृताची क्षमता नेहमीच्या मात्रेतच संपत आलेली असते. नमुन्यादाखल, रोज 300 मिलिग्रॅमवर एखाद्याची रक्तपातळी 10 आहे असं धरू. हव्या त्या पट्ट्याची, 10 ते 20 ची, ही खालची कड. रक्तात पोचणारं औषध फक्त 20 टक्क्यांनी वाढलं, तर पातळी 12 व्हावी असं वाटतं. यकृताच्या त्या मर्यादेचं गणित मांडलं तर ती 24 च्या घरात जाते. उलट दिशेनेही तसंच: थोडं कमी पोचलं की पातळी पट्ट्याबाहेर घसरते आणि फिट परत येते.

म्हणजे सगळी जेनेरिक औषधं वाईट असं मात्र नाही. जेनेरिकला मूळ औषधाइतकंच रक्तात पोचतं हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठीची मान्य मर्यादा साधारण 80 ते 125 टक्के असते. प्रत्यक्षात बहुतेक गोळ्या 100 च्या बऱ्याच जवळ असतात. लॅमोट्रिजिनच्या जेनेरिक गोळ्यांची अदलाबदल करून पाहिलेल्या काटेकोर अभ्यासांतही फरक नगण्य निघाला. ब्रिटनच्या औषध नियामकाने म्हणूनच सरसकट नियम न करता तीन गट पाडले. फेनिटॉईन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि प्रिमिडोन एकाच उत्पादकाचं चालू ठेवायचं. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन वगैरेंचं डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवायचं. लेव्हेटिरासेटाम, गाबापेंटिन यांत उत्पादक बदलला तरी सहसा बिघडत नाही. मला ही विभागणी पटते, कारण ती भीतीवर नव्हे, औषधाच्या स्वभावावर आधारलेली आहे.

दुकानात मात्र सर्वांत जास्त घोळ ब्रँडपेक्षा प्रकारात होतो. साधं कार्बामाझेपिन आणि हळूहळू विरघळणारं कार्बामाझेपिन यांच्या पट्ट्या दिसायला सारख्या, मिलिग्रॅमही तेच, फरक नावापुढच्या 'सीआर' किंवा 'एसआर' एवढ्याच अक्षरांचा. दिवसातून दोनदाच घ्यायची हळू विरघळणारी गोळी साध्या गोळीने बदलली, तर घेतल्यावर काही तासांत चक्कर आणि पुढच्या वेळेआधी पातळी तळाला. म्हणून संपत आलेली पट्टी दुकानात नेऊन नव्या पट्टीशी ताडून बघावी: औषधाचं नाव, मिलिग्रॅम, ही अक्षरं, उत्पादक. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी गेलं तर 'तोच ब्रँड उद्या येईल' या उत्तराचाही त्रास होत नाही. तो येणारच नसेल तर औषधाविना राहण्यापेक्षा तेच औषध, त्याच मात्रेत आणि त्याच प्रकारात, दुसऱ्या उत्पादकाचं घ्यावं आणि डॉक्टरांना कळवावं. फेनिटॉईन किंवा कार्बामाझेपिन असेल तर ते काही आठवड्यांनी रक्तातली पातळी तपासायला सांगतील. बदलाची तारीख वहीत टिपून ठेवा, म्हणजे पुढे तोल गेला, दुहेरी दिसलं किंवा फिट आली तर नेमकं कुठून मोजायचं ते कळेल.