पेन्शन नसलेल्यांनी साठीनंतर बचतीतून दरमहा किती काढावे?

दुकान किंवा छोटा व्यवसाय बंद करून साठीत निवृत्त होणारे आमचे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात, तो व्याज किती मिळेल हा. आमच्या मते त्याआधी एक साधा भागाकार करावा: हाताशी असलेल्या रकमेला बचतीतून काढाव्या लागणाऱ्या वार्षिक रकमेने भागावे. कर भरून उरणारे व्याज महागाईइतकेच असेल असे धरले, तर येणारे उत्तर म्हणजे पैसे पुरण्याची वर्षे.

उदाहरणादाखल, स्वतःच्या घरात राहणाऱ्या साठ वर्षांच्या एका दुकानदाराकडे ६० लाख रुपये आहेत, पत्नी ५५ वर्षांची आहे आणि घरखर्च महिना २५,००० रुपये आहे. वार्षिक ३ लाखांनी भागल्यास २० वर्षे येतात, म्हणजे पैसे संपतील तेव्हा पत्नी पंचाहत्तरीची असेल. हिशोब नेहमी जोडीदारांपैकी लहान असलेल्याच्या वयावरून करावा, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दुकानाचा गाळा न विकता ८,००० रुपये भाड्याने दिला आणि ते भाडेही महागाईसोबत वाढत गेले, तर बचतीतून महिना १७,००० रुपयेच लागतात आणि उत्तर २९ वर्षांवर जाते.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात. मुदत ५ वर्षांची असून व्याज दर तिमाहीला मिळते आणि खाते उघडतानाचा दर मुदतभर कायम राहतो. एप्रिल २०२३ पासून लागू झालेला ८.२ टक्के दर धरला, तर तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिना २०,५०० रुपये येतात. गरज १७,००० रुपयांची असल्याने उरलेले ३,५०० रुपये खर्चायला मोकळे आहेत असे वाटते, पण ते तसे नाहीत. महागाई ६ टक्के धरल्यास चौथ्या वर्षी गरज सुमारे २०,२५० होते आणि पाचव्या वर्षी २१,४०० च्या पुढे जाते, व्याज मात्र तेवढेच राहते. म्हणून सुरुवातीची शिल्लक रिकरिंगमध्ये टाकावी. खाते पत्नीसोबत संयुक्त ठेवावे.

उरलेल्या ३० लाखांपैकी ६ लाख आजारपणासाठी सहज मोडता येतील अशा ठेवीत असावेत. बाकीच्या ठेवींच्या मुदती वेगवेगळ्या वर्षी संपतील अशा ठेवाव्यात, आणि सात वर्षे लागणार नाही तेवढीच रक्कम शेअर बाजाराशी निगडित फंडात घालावी, म्हणजे बाजार पडलेला असताना घरखर्चासाठी युनिट विकावे लागत नाहीत. एका बँकेतील ठेवींना व्याजासह ५ लाखांपर्यंतच विमा संरक्षण असते, हे सहकारी बँकेत जास्त व्याजासाठी सगळी रक्कम ठेवणाऱ्यांनी विशेष पाहावे.

दर एप्रिलला हा भागाकार पुन्हा करावा. उत्तर वर्षाला साधारण एकने कमी होणे अपेक्षित आहे. ते दोनने किंवा अधिक घसरले, तर खर्च महागाईपेक्षा वेगाने वाढला आहे किंवा मुद्दलातून मोठी रक्कम गेली आहे. आमच्या पाहण्यात बहुधा ती मुलाच्या व्यवसायाला दिलेली असते. अशा वेळी त्याच वर्षी मासिक रक्कम कमी करावी, कारण पाच वर्षांनी तेवढाच परिणाम साधण्यासाठी अधिक कपात करावी लागते.