आधी ओळख, मग जवळीक: एरिक्सनच्या क्रमामागची गोष्ट

बी.एड.च्या विद्यार्थ्यांना मनोविश्लेषक एरिक एरिक्सन भेटतो तो माणसाच्या मानसिक वाढीचे आठ टप्पे सांगणाऱ्या आठ रकान्यांच्या तक्त्यातून. किशोरवयात ‘ओळख विरुद्ध भूमिकेचा गोंधळ’, तारुण्यात ‘जवळीक विरुद्ध एकाकीपणा’, आणि असेच बाकीचे सहा. तक्ता पाठ होतो, मार्क मिळतात. पण ओळख आधी आणि जवळीक नंतर, असा क्रम का, हे सहसा कोणी विचारत नाही. खरा वाद मात्र या क्रमाचाच आहे.

एरिक्सनचा जन्म १९०२ साली फ्रँकफर्टला झाला. आई डेन्मार्कची ज्यू. जन्मदाता कोण हे त्याला अखेरपर्यंत कळलं नाही. डॉक्टर सावत्र वडिलांचं होमबर्गर हे आडनाव त्याला मिळालं. मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. शाळेतली मुलं त्याला ज्यू म्हणून हिणवत आणि सिनेगॉगमधली परका म्हणून. शाळा संपल्यावर काही वर्षं तो चित्रं काढत युरोपभर भटकला. १९२७ साली व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेला आणि तिथे सिग्मंड फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड हिच्या हाताखाली मनोविश्लेषण शिकला. १९३३ मध्ये अमेरिका गाठली आणि १९३९ मध्ये नागरिकत्व घेताना आडनावही नवं घेतलं: एरिक्सन. म्हणजे एरिकचा मुलगा. आपला बाप आपणच, असंच काहीसं.

पण सिद्धान्त निव्वळ आत्मचरित्रातून निघाला नाही. दुसऱ्या महायुद्धात सॅन फ्रान्सिस्कोच्या माउंट झायन रुग्णालयात त्याने युद्धावरून परतलेले सैनिक पाहिले. त्यांना आपलं नाव-गाव ठाऊक होतं, पण कालचा मी आणि आजचा मी एकच, ही जाणीव सुटली होती. या अवस्थेला त्याने ओळखीचं संकट म्हटलं. पुढे तोच धागा त्याला गोंधळलेल्या तरुण रुग्णांमध्ये दिसला. १९५० च्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’त आठ टप्पे मांडले गेले. त्यात पत्नी जोनचा वाटा मोठा होता, तक्त्यावर मात्र नाव एकट्या एरिकचं राहिलं.

क्रमामागचा त्याचा तर्क असा: जवळीक म्हणजे स्वतःला दुसऱ्यात काही अंशी विरघळू देणं. ज्याला आपली कड कुठे संपते हेच माहीत नाही, त्याला विरघळण्याची भीती वाटते. मग तो एक तर दूर राहतो, नाही तर जोडीदाराच्या आरशात स्वतःलाच शोधत बसतो.

पण कोणाची ओळख घडलीय की नाही, हे तपासायचं कसं? १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सियाने ८६ कॉलेज तरुणांच्या मुलाखती घेतल्या. विषय होते व्यवसाय, धर्म आणि राजकारण. एक प्रश्न साधारण असा होता: याहून चांगलं काही मिळालं, तर ठरवलेलं क्षेत्र सोडाल का? “सोडेनही, पण याहून चांगलं काय असेल ते सुचत नाही,” म्हणणारा शोधातून गेलेला आणि ठाम झालेला. “नाही, लहानपणापासून हेच ठरलंय, घरचेही खूश आहेत,” म्हणणाऱ्याने न शोधताच ठरवलेलं. तिसरा अजून चाचपडतोय. चौथा म्हणतो, “हो, लगेच सोडेन,” म्हणजे त्याचं कशावरच ठाम नाही. गंमत दुसऱ्या गटात आहे. वरून तो सगळ्यात निश्चिंत दिसतो, पण अधिकारापुढे मान तुकवणारी मतं याच गटाला अधिक पटत होती. बारावीनंतरचा प्रवेश घरच्या बैठकीत ठरतो त्या आपल्याकडे हा गट ओळखणं अवघड नाही. मात्र घरच्यांच्या मर्जीचं क्षेत्र निवडलं म्हणून कोणी आपोआप या गटात जात नाही. त्याने दुसरे पर्याय खरंच तोलून पाहिले का, हे बघावं लागतं.

मार्सियाचे ते ८६ जण सगळे मुलगे होते, आणि इथेच टीकेला जागा मिळाली. १९८२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगनने दाखवलं की एरिक्सनच्या क्रमात पुरुषांचा मार्ग सगळ्यांचा मार्ग ठरवला गेलाय. पुष्कळ बायकांच्या बाबतीत ओळख नात्यांतूनच घडते. दोन टप्पे एकात एक गुंफलेले असतात. स्त्रीचा मार्ग थोडा वेगळा असल्याचं एरिक्सनने नमूद केलं होतं, पण तक्ता बदलला नव्हता.

भारतात हा क्रम आणखी अडखळतो, आणि त्याचं उदाहरण एरिक्सनने स्वतःच अभ्यासलं. १९६२ मध्ये तो अहमदाबादला आला आणि तिथल्या १९१८ च्या गिरणी कामगारांच्या संपाने त्याला पकडून ठेवलं. त्यावरच्या ‘गांधीज ट्रूथ’ला पुढे पुलित्झर मिळालं. गांधींचं लग्न झालं तेराव्या वर्षी. ‘मी कोण’ हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेत सुटत गेला, तोवर संसाराला दहाहून अधिक वर्षं झाली होती. पुस्तकाच्या मध्यावर एरिक्सन चरित्र बाजूला ठेवतो आणि वीसेक वर्षांपूर्वी गेलेल्या गांधींनाच थेट पत्र लिहितो. सत्याग्रहात एवढी अहिंसा, मग स्वतःच्या घरातल्या माणसांशी, कस्तुरबांशी, ती का नव्हती, असा त्याचा सवाल आहे.