‘धर्मात सक्ती नाही’ (कुराण २:२५६)

कुराणातील अल्-बकरा या दुसऱ्या सूरेतील, म्हणजे अध्यायातील, २५६ व्या आयतीचे, म्हणजे वचनाचे, सुरुवातीचे वाक्य. मूळ अरबी शब्द ‘ला इक्राह फिद्दीन’ असे आहेत. ‘इक्राह’ म्हणजे मनाविरुद्ध करायला लावणे, जबरदस्ती. पुढे आयत सांगते की सन्मार्ग आता चुकीच्या मार्गापासून वेगळा होऊन स्पष्ट झाला आहे. जो खोट्या दैवतांना नाकारून अल्लाहवर श्रद्धा ठेवतो, त्याने कधीही न तुटणारा मजबूत आधार धरला आहे. सक्ती नाही, कारण वाट स्पष्ट झाली आहे, असा हा युक्तिवाद आहे. पहिले वाक्य एकटेच उद्धृत करण्याची सवय पडल्यामुळे हे कारण बहुतेकदा नजरेआड होते. या आयतीच्या लगेच आधी ‘आयतुल कुर्सी’ येते. अल्लाहच्या सर्वव्यापी सत्तेचे वर्णन करणारी ती आयत असंख्य मुस्लिम घरांत मुखोद्गत असते.

अवतरणाचा प्रसंग. आयत कोणत्या प्रसंगी उतरली याची जी परंपरागत माहिती मिळते, तिला ‘अस्बाब अल्-नुझूल’ म्हणतात. या आयतीबाबतची सर्वांत महत्त्वाची कथा पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या नावाने अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, आली आहे. इस्लामपूर्व काळात यस्रिबमध्ये, म्हणजे नंतरच्या मदिनेत, अरब टोळ्यांच्या शेजारी यहुदी टोळ्या राहत. ज्या अरब बाईची मुले जगत नसत ती नवस बोले, की मूल जगले तर त्याला यहुदी करीन. मूल जगावे म्हणून आईने नवस बोलणे ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. इथे नवसाचे मूल शेजारच्या धर्मात वाढत होते, एवढाच फरक.

पुढे मदिनेतील अरबांनी इस्लाम स्वीकारला आणि ते ‘अन्सार’, म्हणजे पैगंबरांचे साहाय्यक, म्हणून ओळखले जाऊ लागले. इ.स. ६२५ मध्ये बनू नझीर या यहुदी टोळीला मदिना सोडून जाण्याचा आदेश झाला. तेव्हा जाणाऱ्यांमध्ये अन्सारांच्या पोटची, पण यहुदी म्हणून वाढलेली मुलेही होती. आईबाप म्हणाले, आमची मुले आम्ही जाऊ देणार नाही. त्यांना ठेवून घ्यायचे म्हणजे मुसलमान करायचे, हे उघड होते. त्या वेळी ही आयत उतरली, असे परंपरा सांगते. तबरी यांच्या कुराणभाष्यातील एका पाठात पैगंबरांचा निर्णयही येतो: या मुलांना निवड दिली आहे, त्यांनी तुम्हाला निवडले तर ती तुमची, यहुद्यांना निवडले तर ती यहुद्यांची.

दुसरी एक कथा बनू सालिम इब्न औफ या कुळातील एका अन्सारी गृहस्थाची आहे. तो स्वतः मुसलमान होता, पण त्याचे दोन मुलगे ख्रिस्ती होते. त्यांच्यावर सक्ती करू का, असे त्याने पैगंबरांना विचारले. ८ व्या शतकातील भाष्यकार सुद्दी यांनी दिलेल्या पाठात ही गोष्ट अधिक भरीव आहे. शाम देशातून, म्हणजे सीरियाकडून, तेल घेऊन व्यापारी मदिनेत आले. परत निघताना त्यांनी या मुलांना ख्रिस्ती धर्माकडे वळवले आणि मुले त्यांच्याबरोबर निघून गेली. बाप पैगंबरांकडे आला, त्यांना परत आणण्यासाठी मागे माणसे पाठवू का, असे विचारू लागला, आणि उत्तरादाखल ही आयत आली.

दोन्ही कथांचे तपशील वेगळे असले तरी प्रश्न एकच आहे. दोन्हींत सक्ती करू पाहणारा सुलतान नाही, सैन्य नाही. पोटच्या मुलाला धरून ठेवू पाहणारे आईबाप आहेत. ‘इक्राह’ या शब्दाला इथे जे वजन येते ते त्यामुळेच.

काळाचा वाद. बनू नझीरची कथा मान्य केली तर आयत मदिनेतील ठरते, आणि अल्-बकरा ही सूरा मदिनेतीलच आहे याबद्दल मुस्लिम परंपरेत फारसे दुमत नाही. या मुद्द्याला अलीकडे अनपेक्षित महत्त्व आले. १२ सप्टेंबर २००६ रोजी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील व्याख्यानात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ही आयत सुरुवातीच्या काळातील, म्हणजे मुहंमद स्वतः दुर्बळ आणि संकटात असतानाची, असल्याचे म्हटले. ऑक्टोबर महिन्यात ३८ मुस्लिम विद्वानांनी त्यांना खुले पत्र लिहिले. आयत मदिनेतील आहे, मुस्लिमांच्या हाती सत्ता येऊ लागली तेव्हाची आहे, असे त्यांनी दाखवून दिले. दुर्बळाने ‘माझ्यावर सक्ती करू नका’ म्हणणे वेगळे आणि ज्याचा हात वर आहे त्याला ‘तू सक्ती करू नकोस’ असे बजावणे वेगळे. पत्राचा भर नेमका या फरकावर होता.

आयत कोणाला लागू? मध्ययुगीन भाष्यकारांपुढे खरी अडचण नंतर उतरलेल्या आयतींची होती. नवव्या सूरेत युद्धाचे आदेश आहेत आणि अरब मूर्तिपूजकांशी पैगंबरांचा शेवटच्या काळातील व्यवहार कठोर होता. मग हे वाक्य त्यांच्याशी जुळवायचे कसे? १३ व्या शतकातील कुर्तुबी यांनी आपल्या भाष्यात एकूण सहा मते नोंदवली आहेत. वादाचा गाभा मात्र त्यांपैकी दोन मतांत सामावतो.

पहिले मत ‘नस्ख’चे, म्हणजे नंतरच्या आदेशाने आधीचा आदेश रद्द होण्याचे. सुरुवातीच्या काळातील विद्वान सुलैमान इब्न मूसा यांच्या मते श्रद्धाहीनांशी झगडण्याची आज्ञा देणाऱ्या ९:७३ या आयतीने ही आयत रद्द झाली. तेलाच्या व्यापाऱ्यांची गोष्ट सांगणारे सुद्दीही तीच गोष्ट संपवताना नवव्या सूरेने ही आयत रद्द झाल्याचे सांगतात. हाच वृत्तांत आज सहिष्णुतेचा पुरावा म्हणून सांगितला जातो तेव्हा त्याचा हा शेवट सहसा गाळला जातो.

दुसरे मत आयत कायम ठेवून तिचा आवाका मर्यादित करते. ती यहुदी, ख्रिस्ती अशा ग्रंथधारकांविषयी आहे आणि त्यांनी जिझिया कर द्यायचे मान्य केले की त्यांच्यावर धर्मासाठी सक्ती करता येत नाही, असे सुरुवातीच्या काळातील भाष्यकार कतादा आणि दह्हाक म्हणतात. इ.स. ९२३ मध्ये निधन पावलेल्या तबरी यांनी हेच मत उचलले आणि त्यात मजूस, म्हणजे जरथुष्ट्राच्या अनुयायांनाही घेतले. त्यांची मांडणी काटेकोर आहे. एक आदेश दुसऱ्याला पूर्णपणे नाकारत असेल आणि दोन्ही एकत्र नांदू शकत नसतील तरच नस्ख मानायचा. इथे तसे नाही. शब्द सर्वांना उद्देशून वाटले तरी रोख विशिष्ट लोकांवर असू शकतो. शिवाय आयत एका प्रसंगी उतरली तरी तिचा नियम त्या प्रकारच्या सर्वांना लागू होतो. म्हणून ती फक्त अन्सारांच्या मुलांपुरती नाही, पण सगळ्या जगासाठीही नाही. अरब मूर्तिपूजक या कक्षेबाहेर राहिले. आयत वाचवण्यासाठी तबरींनी दिलेली ही किंमत मोठी होती, हे मान्यच करायला हवे.

आज्ञा की वस्तुस्थिती? तिसरा प्रवाह प्रश्नाची जागाच बदलतो. अरबी व्याकरणात ‘ला’ ने पुढच्या नामाच्या संपूर्ण जातीचा निषेध होतो: सक्ती नावाची गोष्टच इथे नाही. आता हे वाक्य ‘सक्ती करू नका’ अशी आज्ञा आहे, की ‘श्रद्धेत सक्ती संभवतच नाही’ असे विधान? १२ व्या शतकातील भाष्यकार झमख्शरी दुसऱ्या बाजूचे. त्यांच्या मते अल्लाहने श्रद्धेचा व्यवहार बळावर नव्हे तर मोकळीक आणि निवड यांवर चालवला आहे, आणि त्यासाठी ते १०:९९ चा आधार घेतात. तुझ्या प्रभूने इच्छिले असते तर पृथ्वीवरील सगळेच श्रद्धावान झाले असते, मग तू लोकांवर सक्ती करणार का, असे तिथे पैगंबरांनाच विचारले आहे. भाष्यकार फखरुद्दीन राझी यांनी याच दिशेने जाणारा युक्तिवाद नोंदवला आहे: हे जग परीक्षेचे ठिकाण आहे, सक्ती आली की परीक्षेला अर्थ उरत नाही. असे वाचले तर आयत रद्द होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण आदेश रद्द होऊ शकतो, वस्तुस्थिती नाही.

सक्तीने झालेला मुसलमान. या तत्त्वाला न्यायालयात काय किंमत होती हे एका प्रकरणातून दिसते. स्पेन आणि मोरोक्कोत अल्मोहद राजवटीने १२ व्या शतकात यहुदी आणि ख्रिस्ती लोकांना इस्लाम स्वीकारायला भाग पाडले. कॉर्डोबाचे यहुदी तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीस यांचे कुटुंब याच काळात तेथून बाहेर पडले. १३ व्या शतकातील चरित्रकार इब्न अल्-किफ्ती यांच्या वृत्तांतानुसार मायमोनिडीस यांनी तिकडे वरकरणी इस्लाम स्वीकारला होता आणि इजिप्तमध्ये येताच ते उघडपणे यहुदी म्हणून राहू लागले. पुढे स्पेनहून आलेल्या एका धर्मशास्त्र्याने त्यांना ओळखले आणि धर्मत्यागाचा आरोप केला. इजिप्तचा सुलतान सलाहुद्दीन याचे मंत्री अल्-कादी अल्-फादिल यांनी तो फेटाळला. ज्याच्यावर सक्ती झाली त्याचा इस्लाम शरियतनुसार वैधच नाही, मग त्याने त्याग कशाचा केला? मायमोनिडीस यांनी खरोखर असा स्वीकार केला होता का यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण निर्णयामागचे सूत्र शास्त्रग्रंथांत आढळते. हंबली पंथाचे इब्न कुदामा लिहितात की ज्याच्यावर सक्ती करणे वैध नाही अशाला, म्हणजे उदाहरणार्थ संरक्षित बिगरमुस्लिमाला, बळाने मुसलमान केले तर पुढे त्याने तो धर्म स्वेच्छेने धरल्याचे दिसेपर्यंत त्याला मुसलमान धरू नये. तबरींची मर्यादा इथेही सोबत आली आहे.

बाहेर पडण्याची वाट. धर्मात येण्याची सक्ती नाही हे मान्य झाले, तरी बाहेर पडण्याचे काय? अभिजात काळातील बहुसंख्य धर्मशास्त्र्यांनी आयत या प्रश्नाला लावलीच नाही. ‘जो आपला धर्म बदलेल त्याला ठार करा’ या हदीसीच्या आधारे त्यांनी प्रौढ पुरुषाला मृत्युदंड सांगितला. हनफी पंथाने स्त्रीला त्यातून वगळले, पण ती परत येईपर्यंत तिला कैदेत ठेवायला सांगितले.

२० व्या शतकात हा प्रश्न नव्याने पेटला. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९०३ मध्ये जन्मलेले, जमाते इस्लामीचे संस्थापक अबुल आला मौदूदी यांनी जुनी बाजू आधुनिक भाषेत मांडली. आम्ही कोणाला आत यायला भाग पाडत नाही, पण हे दार ये-जा करण्यासाठी नाही हे आधीच सांगतो, असा त्यांचा आशय होता. १९५८ ते १९६३ या काळात कैरोतील अल्-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख असलेले महमूद शलतूत यांनी दुसरी बाजू घेतली. केवळ मोजक्या कथनकर्त्यांच्या साखळीतून आलेल्या हदीसीवर देहदंडासारखी शिक्षा उभी राहत नाही असे अनेक विद्वान मानतात, आणि कुराणातील कितीतरी आयतींचा स्पष्ट अर्थ धर्मात सक्ती नाकारतो, असे त्यांनी दाखवले.

या वादात तेलाच्या व्यापाऱ्यांची गोष्ट पुन्हा समोर येते. व्यापाऱ्यांबरोबर निघून जाण्याआधी ती दोन मुले मुसलमान होती की नव्हती? होती असे धरले तर आयत धर्म सोडणाऱ्यांविषयीही बोलते. नव्हती असे धरले तर ती फक्त आत येण्याविषयी आहे. सुद्दींच्या वृत्तांतात बाप अन्सारी असल्याचे येते. मुलांच्या आधीच्या धर्माविषयी मात्र त्यात स्पष्टपणे काही सांगितलेले नाही.