कॉलऱ्याची लस: एका घरात चौघांसाठी तीन आकडे

डिसेंबरात डिचोलीहून भाचीचा फोन आला. नवरा मोझांबिकच्या उत्तर भागात नोकरीला आहे. जानेवारीत सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी यांना घेऊन ती तिकडे राहायला निघाली होती, आणि त्या भागात कॉलऱ्याची साथ चालू होती. "मावशी, तोंडावाटे घ्यायची लस असते म्हणे. पासष्ट टक्के चालते असं वाचलं. म्हणजे चौघांपैकी एकाला तरी होणारच का गं?"

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गातली मुलंही टक्क्यांचा हाच अर्थ लावतात, म्हणून हा आकडा आधी सोडवून घेऊ.

कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये 2006 साली या लसीची मोठी चाचणी सुरू झाली. सुमारे 32 हजार लोकांना लसीचे दोन डोस मिळाले आणि सुमारे 35 हजार लोकांना लस नसलेलं, पण तसंच दिसणारं द्रव. दोन वर्षांत लस घेतलेल्यांपैकी 20 जणांना कॉलरा झाला, तर न घेतलेल्यांपैकी 68 जणांना. दर दहा हजारांमागे हिशेब मांडला, तर लसीशिवाय साधारण 19 जण आजारी पडले आणि लस घेतलेल्यांत 6. एकोणीसातले तेरा वाचले, म्हणजे 67 टक्के संरक्षण. पाच वर्षांचा एकत्रित आकडा 65 टक्के आला. लस घेतलेल्या शंभरांपैकी पस्तीस जणांना कॉलरा होईल, असा याचा अर्थ मुळीच नाही. लसीशिवाय तुमच्या वाट्याला जेवढा धोका येणार होता, त्याचा साधारण एकतृतीयांश उरतो. मूळ धोका किती, हे मात्र तुम्ही कुठे राहता आणि कुठलं पाणी पिता त्यावर ठरतं.

आता वयाचा प्रश्न, आणि भाचीच्या घरात खरी काळजी तिथेच होती. पाच वर्षांचा तोच हिशेब वयानुसार वेगळा केला, तेव्हा पंधरा वर्षांपुढच्यांना 74 टक्के, पाच ते चौदा वर्षांच्या मुलांना 68 टक्के आणि पाच वर्षांखालच्यांना फक्त 42 टक्के संरक्षण दिसलं. म्हणजे आजी, आई आणि दादा बऱ्यापैकी सुरक्षित, पण छोटीला निम्म्याहूनही कमी. लस एक वर्षाखालच्या बाळांना देतच नाहीत.

असं का होतं, ते लस कशी काम करते यात दडलेलं आहे. कॉलऱ्याचे जिवाणू रक्तात शिरत नाहीत. ते लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि तिथे विष सोडतात. त्या विषामुळे अंगातलं पाणी आणि क्षार आतड्यात ओढले जातात. आपल्या आधीच्या पिढीला आठवत असेल, यात्रेला जाताना कॉलऱ्याचं इंजेक्शन टोचून घ्यावं लागे. त्यातून रक्तात प्रतिपिंडं तयार होत, पण आतड्याच्या भिंतीवर पहारा फारसा बसत नसे आणि काही महिन्यांत असर ओसरे. आजची लस म्हणजे मारलेले जिवाणू, दीड मिलिलिटर द्रव, तोंडावाटे. ती आतड्यालाच ओळख करून देते आणि प्रतिपिंडं अस्तरावर तयार होतात. मोठ्या माणसाच्या आतड्याने, विशेषतः साथीच्या भागात राहणाऱ्याच्या, हा जिवाणू बहुधा आधी कधीतरी पाहिलेला असतो, म्हणून लस जुनी आठवण जागी करते. तीन वर्षांच्या पोरीला ती पहिल्यापासून शिकवावी लागते.

ढाक्यात नुसत्या एका डोसची चाचणी झाली, तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं. सहा महिन्यांत एकूण कॉलऱ्यापासून सुमारे 40 टक्के संरक्षण मिळालं, अंगातलं पाणी पार आटवणाऱ्या गंभीर आजारापासून 63 टक्के. पण पाच वर्षांखालच्या मुलांना भरवसा ठेवावा असं काहीच मिळालं नाही. जगभर लस अपुरी पडल्यामुळे 2022 च्या ऑक्टोबरपासून साथीच्या मोहिमांत एकच डोस देतात. साठा पुरवून जास्त लोकांना वाचवायचं म्हटलं की तो निर्णय बरोबर आहे. पण कॉलरा कधी जवळून न गेलेल्या गोव्यातल्या घराने ढाक्यातल्या मोठ्या माणसांचा आकडा स्वतःला लावून "एक डोस पुरे" म्हणू नये.

म्हणून भाचीसाठी कॅलेंडर घेऊन बसले. विमानाला अठरा दिवस होते. नेहमीच्या फार्मसीत ही लस सहसा ठेवलेली नसते. डॉक्टरांनी मागवून देईपर्यंत तीन दिवस गेले. पहिला डोस पंधरा दिवस आधी. दोन डोसांत निदान चौदा दिवस हवेत, म्हणजे दुसरा डोस विमानाच्या आदल्या दिवशी. त्यानंतर पूर्ण असर यायला साधारण आठवडा लागतो. तो आठवडा साथीच्या गावात काढायचा, हे मला पटेना. तिने तिकीट आठ दिवस पुढे ढकललं.

डोस पाजताना मी समोर होते. चव काही बरी नसते. दादाने नाक धरून गिळला, धाकटीने अर्धा फ्रॉकवर थुंकला. डॉक्टरांनी लगेच दुसरी कुपी फोडली आणि गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडलं. थुंकलेला डोस धरायचा नसतो.

साथीच्या गावातच राहणाऱ्यांसाठी हिशेबात आणखी एक गोष्ट येते. बांगलादेशातल्या मतलब भागात 1985 साली सुरू झालेल्या चाचणीत दिसलं, की आजूबाजूच्या निम्म्याहून अधिक लोकांनी लस घेतली असेल, तर न घेतलेल्यांनाही कॉलरा खूपच कमी होतो: हजारात सातांऐवजी दीड. कारण एकाच्या जुलाबातून दुसऱ्याच्या पाण्यात जाणारे जिवाणू कमी होतात. 2024 च्या पावसाळ्यात साष्टीतल्या कुटबण जेटीवर ट्रॉलरवरच्या खलाशांमध्ये कॉलरा पसरला आणि माणसं दगावली. होड्यांवर दाटीवाटीने राहणाऱ्या अशा वस्तीत एकट्यादुकट्याने लस घेण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून घेतली, तर बाळांचाही बचाव होतो. मात्र लागण आजच झाली असेल, तर आज घेतलेला डोस उपयोगाचा नाही. काही तासांपासून पाच दिवसांत लक्षणं दिसतात, लस तेवढी चपळ नाही. शिवाय इतर जंतूंच्या जुलाबावर तिचा भरवसा धरू नये.

छोटीच्या उरलेल्या धोक्यासाठी बॅगेत ओआरएसची पाकिटं भरली. एक लिटरचं पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या लिटरात घालायचं नाही, क्षारांचं प्रमाण बिघडतं. तिच्या वयाला दर जुलाबानंतर अर्धा ते एक कप, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. पाण्याचं भांडं झाकलेलं, पेला आत बुडवायचा नाही.

"जुलाब पेजेच्या निवळीसारखा पांढरट पाणी-पाणी झाला, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसली नाही, किंवा पोर मलूल पडून पिईनाशी झाली, तर लस घेतली आहे म्हणून थांबू नकोस," मी सांगितलं. "वाटेत ओआरएस देत देत थेट दवाखान्यात." तिने हे सगळं एका कागदावर लिहून नवऱ्याला फोटो पाठवला. दोन्ही डोसांच्या तारखाही त्यावरच होत्या.