दोन फेऱ्यांना एक फेरा: छापलेल्या दातेरी चाकांची गोष्ट
(शालेय विज्ञान प्रदर्शन, सोलापूर : मॉडेलसमोर करायचे भाषण)

मान्यवर परीक्षक, शिक्षक आणि मित्रमैत्रिणींनो,

पॉवरलूमचा खडखडाट सोलापूरकरांना नवा नाही. त्या आवाजामागे दोन दातेरी चाकं असतात. वरच्या क्रँक शाफ्टचा एक फेरा झाला की धोटा एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जातो. साध्या विणीत ताण्याचे उभे धागे दोन चौकटींत ओवलेले असतात, आणि ते धोट्याच्या एका फेकीला एक चौकट वर आणि पुढच्या फेकीला दुसरी चौकट वर, असे आलटून पालटून उचलावे लागतात. म्हणजे सगळा क्रम दोन फेकींनी पुरा होतो. म्हणून चौकटी हलवणारा खालचा शाफ्ट वरच्याच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरवावा लागतो. इथे पावणेदोन किंवा सव्वादोन चालत नाही, दोनच हवं. टेबलावरचं मॉडेल याच जोडीचं आहे. लहान चाकाला २० दाते, मोठ्याला ४०, आणि दोन्ही चाकं थ्रीडी प्रिंटरवर छापलेली आहेत.

पुष्कळांना वाटतं की गोल चकतीला त्रिकोणी दाते काढले की गिअर झाला. तसा गिअर फिरतो आणि दाते मोजले तर हिशेबही जुळतो, हँडलच्या दोन फेऱ्यांत मोठं चाक एकच फेरा घेतं. पण त्या फेऱ्याच्या आत काय होतं ते बघा. त्रिकोणी दाता समोरच्या दात्याला कधी टोकाने ढकलतो, कधी बुडाने. हँडल एकसारखं फिरवलं तरी प्रत्येक दात्यागणिक मोठं चाक थोडं पळतं, थोडं अडखळतं. हाताला खडखड जाणवते आणि दात्यांची टोकं लवकर झिजतात. वेग प्रत्येक क्षणी बरोबर निम्मा राहायचा असेल तर दात्याच्या बाजूला एक ठरावीक वळण लागतं. त्याला इन्व्होल्यूट म्हणतात. अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने गिअरच्या दात्यांसाठी या वक्राचा अभ्यास केला, आणि आज बहुतेक यंत्रांतले दाते याच वळणाचे असतात.

हे वळण समजायला दोऱ्याची रिळं पुरतात. दोन रिळं घ्या, एक ३७.६ मिलिमीटर व्यासाचं आणि दुसरं त्याच्या दुप्पट, ७५.२ मिलिमीटरचं. लहान रिळावर दोरा गुंडाळा, त्याचं टोक मोठ्या रिळाला बांधा, पण दोरा दोन्ही रिळांच्या मधून तिरका न्या, म्हणजे तो एका रिळाच्या वरून सुटेल आणि दुसऱ्याच्या खालून गुंडाळला जाईल. आता मोठं रीळ ओढून फिरवलं की लहान रीळ उलट्या दिशेला फिरतं. एकावरून जितका दोरा सुटतो तितकाच दुसऱ्यावर चढतो, म्हणून वेगांचं प्रमाण सतत दोनच राहतं. मध्ये धक्का नाही, अडखळणं नाही.

आता त्या ताणलेल्या दोऱ्यावर एक गाठ मारा. रिळं फिरताना गाठ सरळ रेषेत सरकेल. लहान रिळाला पुठ्ठ्याची चकती चिकटवली आणि गाठीच्या जागी पेन्सिल धरली तर फिरत्या चकतीवर एक वळणदार रेघ उमटेल. मोठ्या रिळाच्या चकतीवर तीच गाठ दुसरी रेघ काढेल. या दोन रेघा म्हणजेच दोन दात्यांच्या बाजू! दोन्ही रेघा एकाच गाठीने काढल्या, म्हणून त्या प्रत्येक क्षणी त्या गाठीपाशीच एकमेकींना टेकतात. मग दोरा काढून टाकला आणि त्या वळणाचे प्लास्टिकचे दाते बसवले, तरी चाकं दोरा असल्यासारखीच चालतात. फरक एवढाच की दोरा ओढतो आणि दाता ढकलतो.

यातून एक गोष्ट निघते आणि आमच्या मॉडेलचा सगळा भार तिच्यावर आहे. ही रिळं एकमेकांपासून थोडी दूर सरकवली तर प्रमाण बदलेल का? नाही. दोरा जरा लांब होईल, त्याचा तिरकेपणा बदलेल, पण रिळांचे व्यास तेच आहेत, म्हणून प्रमाण दोनच राहील. घरगुती प्रिंटरवर छापताना इकडेतिकडे पाव मिलिमीटरचा फरक पडतोच. तो पोटात घालणारं वळण म्हणून इन्व्होल्यूट.

आता मापं. गिअरमध्ये दात्याचा आकार मॉड्यूल या आकड्याने सांगतात. मॉड्यूल गुणिले दात्यांची संख्या म्हणजे चाकाचा कामाचा व्यास, ज्याला पिच व्यास म्हणतात. तो रिळाच्या व्यासापेक्षा थोडा मोठा असतो. आम्ही मॉड्यूल २ घेतला. लहान चाक २ × २० म्हणजे ४० मिलिमीटर, मोठं २ × ४० म्हणजे ८० मिलिमीटर. दोन्ही त्रिज्यांची बेरीज केली तर केंद्रांमधलं अंतर ६० मिलिमीटर येतं. दाते पिच वर्तुळाच्या बाहेर एकेक मॉड्यूल निघतात, म्हणून बाहेरचे व्यास ४४ आणि ८४.

मॉड्यूल १ घेतला असता तर मॉडेल निम्म्या आकारात बसलं असतं. पण प्रिंटरच्या नॉझलचं भोक ०.४ मिलिमीटरचं आहे. मॉड्यूल २ च्या लहान चाकाचा दाता टोकाला साधारण १.४ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे प्लास्टिकच्या तीन रेघा त्यात मावतात. मॉड्यूल १ मध्ये टोक ०.७ वर येतं. त्यात दोन रेघासुद्धा नीट बसत नाहीत, टोकं गोळा होतात आणि ते वळण उरतच नाही. २० दातेही विचार करून घेतलेत. दोऱ्याच्या तिरकेपणाला गिअरमध्ये दाब-कोन म्हणतात. नेहमीच्या २० अंश दाब-कोनाला १७ पेक्षा कमी दाते ठेवले तर दात्याचं बूड आतून खरवडलं जातं आणि तो तिथेच मोडतो.

रेखाटन फ्रीकॅड या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. त्यात इन्व्होल्यूट गिअरची सोय तयार आहे. दात्यांची संख्या, मॉड्यूल आणि दाब-कोन हे तीन आकडे भरले की दात्यांचा आकार येतो. मग तो १० मिलिमीटर जाड केला आणि मधोमध आसाचं भोक पाडलं.

इथे गणित संपतं आणि प्लास्टिकचा स्वभाव सुरू होतो. कागदावर पिच वर्तुळावर दाता ३.१४ मिलिमीटर जाड आणि समोरची खाचही ३.१४ मिलिमीटर रुंद. मध्ये जागा शून्य. छापलेला दाता मापापेक्षा किंचित फुगतो, म्हणून अशी चाकं एकमेकांत अडकतात. थोडी मोकळीक द्यावी लागते. दाते बारीक करता येतात, पण रिळांची गोष्ट आठवली तर सोपा उपाय सापडतो. केंद्रांमधलं अंतर ६० ऐवजी ६०.३ मिलिमीटर ठेवलं. त्याने दात्यांच्या मध्ये साधारण ०.२ मिलिमीटर मोकळीक मिळाली आणि प्रमाण दोनच राहिलं. ही मोकळीक हाताला कळते. हँडल धरून ठेवा आणि मोठं चाक हलवून बघा, ते अगदी जरासं हलतं. हललंच नाही तर चाकं जाम होतील. फार हललं तर दिशा बदलताना टक्कन आवाज येईल.

६०.३ हे अंतर प्लायवूडला हाताने भोकं पाडून साधत नाही, म्हणून खालची पट्टीसुद्धा छापली. छापलेलं भोक मापापेक्षा लहान येतं, पण ते सगळीकडून सारखंच आत येत असल्याने दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. आसाला ८ मिलिमीटरची गुळगुळीत लोखंडी सळई आहे. चाकाचं भोक ८.३ ठेवलं म्हणजे चाक मोकळं फिरतं, पट्टीचं ८.१ ठेवलं म्हणजे सळई घट्ट बसते. प्रत्येक प्रिंटरचे हे आकडे वेगळे निघू शकतात. म्हणून आधी ८.१, ८.२, ८.३ अशी तीन भोकं असलेला छोटा तुकडा छापून सळई घालून बघावी. दहा-पंधरा मिनिटांच्या कामाने कित्येक तास वाचतात.

छापायला पीएलए प्लास्टिक, नॉझल २०५ अंश सेल्सियसला, बेड ६० ला, थर ०.२ मिलिमीटरचे, बाहेरच्या कडेला चार रेघा, आत पंचवीस टक्के भराव. चाकं आडवी ठेवूनच छापायची. आडवं छापलं की दात्याची रेघ न तुटता त्याच्या वळणावरून फिरते. उभं छापलं तर काही दात्यांच्या बुडाशी थरांचे सांधे येतात, आणि थोड्या जोराने दाता तिथूनच सुटतो.

सगळ्यात जास्त त्रास पहिल्या थराचा. तो बेडवर दाबला जातो आणि बाहेर पसरतो. चाकाच्या खालच्या कडेला नख फिरवलं तर बारीक ओठ लागतो. तेवढ्यानेही मोकळीक संपते. रेखाटनाचे थर पाडून प्रिंटरला देण्यासाठी क्युरा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ही सेटिंग बदला:

```
Initial Layer Horizontal Expansion = -0.2
```

छापून झालेल्या चाकाचा ओठ बारीक कानशीने काढता येतो.

चाकं जोडल्यावर अडत असतील तर कुठे अडतात ते मोजा. प्रत्येक दात्याला अडलं तर मोकळीक कमी आहे किंवा ओठ राहिला आहे. हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच अडलं तर दोष लहान चाकात आहे. दोन फेऱ्यांतून एकदा अडलं तर मोठ्या चाकात. अडलेल्या जागी बहुतेक वेळा दात्याच्या बाजूला प्लास्टिकचा बारीक दाणा असतो. प्रिंटर प्रत्येक थर जिथे सुरू करतो आणि संपवतो तिथे तो साचतो. दाणा दिसला नाही आणि चाक अर्धा फेरा घट्ट, अर्धा फेरा सैल चाललं, तर सळई तिरकी आहे किंवा भोक मधोमध नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. गिअर लावून फुकट वीज तयार करणारी मॉडेल्स प्रदर्शनांत आणि व्हिडिओंत दिसतात. ती खोटी असतात. या मॉडेलमध्ये मोठ्या चाकाचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ दुप्पट होतो आणि वेग निम्मा होतो. गुणाकार केला तर मिळणारी शक्ती तेवढीच, किंबहुना घर्षणात गेलेल्या भागाइतकी कमी. चाकांवर चाकं कितीही वाढवली तरी त्यात भर पडत नाही, घट मात्र होते.

मॉडेलची मर्यादाही सांगतो. पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढं तापतं. असं तापलेलं चाक दिसायला चांगलं असलं तरी सपाट फरशीवर ठेवल्यावर डुगडुगतं, आणि मग दाते एका कडेलाच टेकतात. म्हणून मॉडेल सावलीतूनच न्यायचं. उन्हात ठेवायचं असेल तर पीईटीजी प्लास्टिक घ्यावं, ते साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं. खऱ्या मागावर ही चाकं चालणार नाहीत, तिथे ओतीव लोखंडच हवं.

आता हँडल सावकाश फिरवा. लहान चाकाच्या एका दात्याला लाल रंग दिला आहे आणि मोठ्या चाकाच्या खाचांवर १ ते ४० आकडे लिहिले आहेत. लाल दाता पहिल्या खाचेत बसेल, पुढच्या फेऱ्याला एकविसाव्या, आणि मग पुन्हा पहिल्या. कितीही फेरे मारले तरी तिसरी खाच त्याच्या वाट्याला येणार नाही.